आमची वाटचाल : गाडीचं नाव चिऊताई कसं झालं

साताऱ्यात आमचा शाळांना पुस्तकं पुरवण्याचा छोटा व्यवसाय आहे. मी, माझी पत्नी आणि दोन सहकारी, एवढीच माणसं. माण तालुक्यातल्या शाळांत पुस्तकांचे गठ्ठे पोचवताना एक गोष्ट सारखी दिसायची. पुस्तकं कपाटात जायची आणि कपाटाला कुलूप लागायचं. वस्तीवरच्या मुलांपर्यंत ती पोचतच नव्हती. म्हणून आम्ही एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. आत मागे झुकलेल्या फळ्या केल्या, पुस्तकं घाटात खाली येऊ नयेत म्हणून प्रत्येक फळीला पुढून आडवी पट्टी लावली आणि फिरतं वाचनालय सुरू केलं. गाडीत साडेआठशे पुस्तकं बसली. दर पंधरा दिवसांनी एका वस्तीवर पाऊण तास थांबायचं, असं वेळापत्रक ठरलं.

गाडी आल्याचं कळवायचं कसं, यात आम्ही पहिल्यांदा अडकलो. मला गाण्याच्या चालीचा हॉर्न बसवायचा होता. फिटरनेच सांगितलं की मोटार वाहन नियमांत, म्हणजे १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतल्या ११९ व्या नियमात, वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न बसवायला बंदी आहे. भोंगा लावायचा तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार लेखी परवानगी हवी, आणि आमच्या वाटेवर गावं पुष्कळ. मग हाती उरली ती मुलंच. गाडी पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, ते ऐकून पुढच्याने. माणमध्ये वस्त्या विखुरलेल्या असतात, दोन घरांमध्ये शेत नाहीतर माळ. तिथे ही हाक खरोखर पुढे जाते. पण ती पुढे जायची तर गाडीला हाकेचं नाव हवं, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही नाव ठेवलं होतं ‘ज्ञानसरिता फिरती ग्रंथवाहिनी’. आम्हाला ते फार आवडलं होतं. दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं. पहिल्या महिन्यातच ते चुकल्याचं कळलं. ‘ज्ञ’ आणि ‘ग्रं’ दोन्ही मुलांच्या जिभेवर अडायचे. कुणी ‘ग्यानसरता’ म्हणे, कुणी ‘गरंतवाहिनी’. लांबून धावत ओरडताना पुढचं सगळं गळायचं आणि उरायचं ते ‘वाहिनी आलीऽऽ’. एका वस्तीवर ते ऐकून एक म्हातारी आजी घाईघाईने बाहेर आली आणि आमच्या ड्रायव्हरला म्हणाली, “कोण गेलं रं? कुणाला न्यायला आलाय?” गाडी पांढरी, शब्द वाहिनी. तिच्या कानाला ती शववाहिनी वाटली. तिचा हात थरथरत होता. आत पुस्तकं आहेत हे तिला दाखवलं, तिला बसवून पाणी दिलं. परतीच्या वाटेवर आम्ही कुणी फारसं बोललो नाही. त्या आठवड्यात दोन्ही बाजू रंगवून कोऱ्या केल्या.

नवं नाव ठरवायचं म्हणून आम्ही आधी गाड्यांना लोकांनी दिलेली नावं आठवली. एस.टी. १ जून १९४८ ला सुरू झाली, पण गावाने तिला कधीच ‘यष्टी’ करून टाकलं. आमच्या भागात भाड्याच्या जीपला ‘वडाप’ म्हणतात, छोट्या मालवाहू टेम्पोला ‘छोटा हत्ती’. यांतलं कुठलंही नाव समिती बसवून ठरलेलं नाही. ती सगळी तोंडाने घडवलेली आहेत आणि एकातही कुणाचा दम लागत नाही. आम्ही मात्र कागदावर छान दिसेल असं नाव शोधत होतो.

मग एका शाळेच्या गुरुजींनी आम्हाला मराठी हाकेचं व्याकरण समजावलं. ते बोलणं माझ्या अजून लक्षात आहे. ते म्हणाले, “राम हे नाव घ्या. हाक मारताना तुम्ही ‘रामा’ म्हणता. का? शेवटी व्यंजन असेल तर आवाज तिथेच मिटतो, लांबवायला काही उरत नाही. म्हणून भाषा शेवटी स्वर जोडते.” आई, ताई, बाबा, काका यांना काही जोडावं लागत नाही, कारण त्यांच्या शेवटी दीर्घ स्वर आधीच आहे. गुरुजींनी दुसरी गोष्ट सांगितली ती लिंगाची. मुलांच्या डोक्यात ती ‘गाडी’ असते, म्हणून ती ‘आली’. नाव ‘ज्ञानरथ’ ठेवलं तर मुलांनी ‘ज्ञानरथ आला’ म्हणायला हवं, पण तोंडातून ‘आली’च येतं आणि बोलताना दर वेळी ठेच लागते. तेव्हा नाव स्त्रीलिंगी, शेवट दीर्घ स्वराचा, जोडाक्षर नाही, एवढं पक्कं झालं.

माझ्या पत्नीने ‘पानपोई’ सुचवलं. पान म्हणजे पुस्तकाचं, आणि तहान भागवणारी पाणपोईही त्यात आलीच. मला ते इतकं आवडलं की चित्र काढून घ्यायला मी निघालो होतो. गुरुजींनी थांबवलं. आमच्याकडे बोलताना ण आणि न यांत फार फरक राहत नाही, पाणी हे ‘पानी’च. कागदावरची गंमत तोंडात उरत नाही. त्यात माणचा उन्हाळा. चैत्र-वैशाखात इथे बाया टँकरची वाट बघत बसलेल्या असतात. त्या दिवसांत पोरं ‘पानपोई आली’ म्हणून ओरडली तर बाया घागरी घेऊन रस्त्यावर येतील आणि आमच्याकडे असतील पुस्तकं. हे नाव आम्ही तिथेच सोडलं. ऐकणारा कुठल्या गोष्टीची वाट बघत बसलाय, तेही नाव ठेवणाऱ्याला माहीत असावं लागतं.

‘गोष्टगाडी’ची मात्र आम्ही रीतसर परीक्षा घेतली. पद्धत साधी होती. शाळेच्या मैदानात एक मूल शंभर पावलांवर पाठ करून उभं करायचं. दुसऱ्याने फक्त एकदा नाव ओरडायचं. पहिल्याने काय ऐकलं ते सांगायचं. पहिली-दुसरीची मुलं मुद्दाम घेतली, कारण मोठी मुलं अवघड शब्दही सावरून घेतात. वारा असलेल्या दुपारी एकदा आणि शांत सकाळी एकदा, असं दोनदा केलं. ‘गोष्ट’मधला ष्ट बहुतेकांचा ‘स्ट’ झाला, त्याचं काही नाही. पण शंभर पावलांवर ‘गोष्ट’ विरून जायचं आणि ऐकू यायचं नुसतं ‘गाडी आली’. गाडी काय, दुधाचीही येते. नावाची ओळख पटवणारा भाग मागे, हाकेच्या लांबणाऱ्या शेपटाजवळ असायला हवा, हे आम्हाला तिथे कळलं.

त्याच काळात एका वस्तीवर आमची सहकारी मुलगी मागचं दार लावून आत पुस्तकं लावत होती. रस्ता खराब होता, दोन फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. बाहेर मुलं ताटकळली. त्यातल्या एका मुलीने दार वाजवून सुरू केलं, “चिऊताई, चिऊताई, दार उघड!” बाकीच्यांनी लगेच सूर धरला. आतून हिनेही गोष्टीतल्यासारखंच उत्तर दिलं, “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते!” बाहेर एकच दंगा. दहा मिनिटं मुलांनी ती सगळी गोष्ट दाराशी केली, आणि दार उघडल्यावर एकही मूल धक्काबुक्की न करता आत चढलं. पुढच्या फेरीला आम्ही वळणावर असतानाच टेकाडावरून हाक आली, “चिऊताऽऽई!”

आम्ही नाव लगेच रंगवलं नाही. मैदानातली तीच परीक्षा पुन्हा घेतली, चार शाळांत. ‘चिऊताई’त जोडाक्षर नाही. ‘ता’चा आ तोंड पूर्ण उघडून निघतो, तो लांब जातो. पुढची ई हवी तितकी ओढता येते. अगदी लहान मुलं ‘तिऊताई’ म्हणाली, पण ऐकणाऱ्याने तेही बरोबर ओळखलं, कारण असं दुसरं काही गावात येतच नाही. आणि ताई म्हटल्यावर ‘आली’ आपोआप येतं.

एका बाईंनी हरकत घेतली आणि ती विचार करण्यासारखी होती. गोष्टीतली चिऊ दार लवकर उघडत नाही, कावळा बाहेर भिजत राहतो. वाचनालयाला असं नाव कसं चालेल? यावर आमच्यात दोन दिवस बोलणं चाललं. शेवटी आम्ही नाव ठेवलं आणि कामाचा एक नियम केला. आतून ‘थांब’ म्हणायचं ते दोनदाच, तिसऱ्या हाकेला दार उघडलंच पाहिजे. त्यासाठी पुस्तकं आधीच्या थांब्यावरून निघतानाच लावून घ्यायची. रस्ता कितीही खराब असला तरी हा नियम आजवर मोडलेला नाही.

नावाची नोंदणी करावी का, हेही वकिलांना विचारलं. पुस्तकं वाचायला देण्याची सेवा ट्रेडमार्कच्या ४१ व्या वर्गात येते. तिथल्या शोधात नुसता शब्द नाही तर उच्चारानेही मिळतीजुळती नावं पाहता येतात, हे मला तेव्हा कळलं. पण घराघरांतल्या लोककथेतला शब्द एकट्याच्या नावावर धरून ठेवणं अवघड, असं त्यांचं मत पडलं. आम्हालाही चिऊताईवर हक्क सांगायचा नव्हता. ग्रामपंचायतीच्या पत्रांसाठी ‘फिरतं वाचनालय’ हे खाली लहान अक्षरांत लिहिलं, तेवढं पुरलं.

रंगवताना एक चूक झाली. पेंटरने ‘चिउताई’ लिहिलं, उ ऱ्हस्व. दुसरीकडे ते खपून गेलं असतं. पुस्तकांच्या गाडीवर ते चालणार नव्हतं, कारण पहिलीची मुलं त्याच अक्षरांवर बोट ठेवून वाचतात. आम्ही ते पुसून पुन्हा लिहून घेतलं. चारच अक्षरं असल्यामुळे ती आता फूटभर उंच आहेत, आणि पांढरा रंग जाऊन गाडी पिवळी झाली आहे. त्या आजींच्या वस्तीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या ओट्यावरच बसून होत्या, उठल्या नाहीत. नातवाला म्हणाल्या, “जा रं, तुझी चिऊताई आली.”

येत्या जूनपासून खटावच्या वस्त्यांसाठी दुसरी गाडी निघते आहे. माणमधल्या मुलांचा आग्रह आहे की तिचं नाव काऊदादा ठेवा. आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. शेणाचं घर पावसात वाहून गेल्याची गोष्ट मुलांना पाठ आहे, आणि ‘काऊदादा’ म्हटलं तरी ती ‘आली’ असंच ओरडतील. मे महिन्यात खटावच्या दोन शाळांच्या मैदानांत शंभर पावलं मोजून येऊ, मग पेंटरला बोलावू.