वाळवणं कधी घालतात?

डिसेंबरची दुपार. घड्याळात पावणेचार झालेत आणि खिडकीबाहेर सूर्य मावळून गेलाय. सकाळी पावणेनऊला उगवला होता, म्हणजे जेमतेम सात तासांची हजेरी. आजी असती तर म्हणाली असती, एवढ्याशासाठी आलाच कशाला.

टेबलावर तिचंच पत्र आहे. आजीला फोनवर ऐकू येत नाही. ती "जेवलीस का?" विचारते, मी "जेवले" म्हणते, मग ती पुन्हा "जेवलीस का?" विचारते. म्हणून आमचा कारभार कागदावर. राजापूरजवळच्या आमच्या गावातून निघालेलं पत्र एडिंबऱ्याला पोचेपर्यंत त्यातली म्हैस व्यालेली असते आणि वासरू उड्या मारत असतं. यावेळी खुशाली, म्हैस, शेजारच्यांचं भांडण असं सगळं झाल्यावर अगदी खाली, कागद संपता संपता एक ओळ आहे: "तिकडे वाळवणं कधी घालतात?"

झालं. तासभर पेन हातात धरून बसले आहे.

आजीच्या लेखी ऋतू म्हणजे वाळवणाचे दिवस आणि वाळवण आत घ्यायचे दिवस. मे महिना म्हणजे आगोटीची घाई. सारवलेल्या खळ्यात फणसाची साटं, कुरडया, सांडगी मिरच्या, आणि सगळ्यात मानाच्या जागी आमसुलं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळे काढून त्यात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात सालं बुडवायची आणि उन्हात पसरायची. संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. असं एक झालं की एक पूट. आजीच्या हिशेबात पुटं सात. पाचात भागवणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत चांगलं नाही. शेवटी एक साल उचलून ती दुमडून बघायची. बोटाला ओल लागता कामा नये आणि साल कडाडून मोडताही कामा नये. ओल राहिली तर श्रावणात बरणी उघडल्यावर पांढरी बुरशी भेटते.

माझं काम कावळे हाकलायचं. एकदा काठी मांडीवर आणि गोष्टीचं पुस्तक काठीवर अशी मी बसले होते. घाटाच्या बाजूने आभाळ कधी काळं झालं ते कळलंच नाही. वळीव कोसळला तेव्हा सहावं पूट उन्हात होतं. आजी पडवीतून धावत आली, ताटं उचलली, वाहून जाणाऱ्या लाल पाण्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आता आठ." ओरडली असती तर बरं झालं असतं.

तर तिला काय लिहू? पावसाचा आकडा लिहिला तर तिला खोटं वाटेल. एडिंबऱ्याचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण पुण्याएवढाच. कारणही तेच. पश्चिमेचे डोंगर ओले ढग आपल्याकडे अडवून घेतात आणि पूर्वेच्या या शहराला उरलंसुरलं मिळतं. आजीच्या भाषेत, मी घाटावर राहते. पण पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथला तेवढाच पाऊस बारा महिने पुरवून पुरवून वापरतात. मृग नाही, आर्द्रा नाही, तरणा पाऊस नाही की म्हातारा नाही. सगळा एकाच वयाचा, आणि तोही धड पडत नाही, नुसता चष्म्यावर बसतो.

आणि ऊन? जूनमध्ये इथे साडेसतरा तासांचा दिवस असतो, रात्री दहाला संधिप्रकाशात मुलं फुटबॉल खेळत असतात. हे आजीला कळवलं तेव्हा तिने लगेच विचारलं होतं, मग दोन दिवसांत आमसुलं होत असतील! नाही होणार. भर जूनमध्ये दुपारी इथला सूर्य जेवढा वर चढतो, तेवढा आमच्याकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच चढलेला असतो. मे महिन्यात थेट डोक्यावर येऊन माणसाची सावली पायाखाली गडप करणारा सूर्य इथे कुणी पाहिलेलाच नाही. सध्या तर भर दुपारी माझी सावली माझ्या पाचपट लांब पडते. रस्त्याच्या या कडेला मी आणि पलीकडच्या कडेला माझं डोकं.

वाळवणाचा पहिला धडा मला इथे मे महिन्यातच मिळाला. आमच्या जुन्या दगडी इमारतीमागे सगळ्यांचं मिळून एक हिरवं परसू आहे, त्यात लोखंडी खांब आणि दोऱ्या. लख्ख ऊन बघून मी चादर वाळत घातली आणि आर्थर्स सीट चढायला गेले. हा शहराच्या मधोमध असलेला विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर. काळा दगड बघून सह्याद्रीची आठवण येते खरी, पण हा आपल्या काळ्या कातळापेक्षा पाचपट म्हातारा. उतारावर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुलली होती, आणि त्यांना वास येत होता खोवलेल्या नारळाचा! मी काटे टोचून घेत नाक खुपसून खात्री केली. नारळच. डोळे मिटले तर आजी विळीवर बसलेली.

डोळे उघडले तेव्हा समुद्र नाहीसा झाला होता. मग किनाऱ्याकडची घरं गेली, मग चर्चचे कळस गेले. थंड समुद्रावरून सरकत येणाऱ्या या धुक्याला इथे 'हार' म्हणतात. नाव अगदी योग्य आहे, कारण घरी पोचले तेव्हा चादर घातली होती त्याहून ओली होती.

तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी ती चादर बघितली आणि मला शहाणपण शिकवलं. ऊन बघायचं नाही, वारा बघायचा. वारा पूर्वेचा, समुद्रावरचा असला तर ऊन कितीही गोड हसो, कपडे बाहेर काढायचे नाहीत. पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की ढगाळ असलं तरी बेधडक घालायचे. अशा दिवशी त्या जिन्यात भेटल्या की नमस्काराच्या जागी 'गुड ड्राइंग डे' म्हणतात, वाळवणाचा छान दिवस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ही बाई आणि आजी एका खळ्यात बसल्या तर भाषा न येता दोघींचं जमेल. फक्त कावळे कुणी हाकलायचे यावरून वाजेल.

एरवी सगळं घरात. स्वयंपाकघरात छताला चार लाकडी दांड्या टांगलेल्या, दोरी ओढली की खाली येतात, ओले कपडे घातले की पुन्हा वर. जुलैतल्या आमच्या पडवीतल्या वलणीसारखंच, खाली चूल नाही इतकंच. ओल्या लोकरीचा वास मात्र बारमाही.

पत्राबरोबर आजीने आमसुलंही धाडली आहेत. सात पुटांची असणारच. पण वाटेत कुठेतरी मिठाने पाणी धरलं आणि पिशवी उघडली तर सगळी चिकट, एकमेकींच्या गळ्यात पडलेली. मी ताटात कागद घालून ती एकेक सुटी केली आणि ताट हीटरवर ठेवलं. खोलीभर आंबट, मे महिन्यासारखा वास सुटलाय. बाहेर मिट्ट काळोख. मघाशी एक साल उचलून दुमडून बघितलं. बोटाला अजून ओल लागते. रात्रभर ठेवावं लागणार.

पेन उचललं आणि उत्तर लिहून टाकलं: "आजी, इकडे वाळवणं डिसेंबरात घालतात, घरातच. कावळ्यांचा त्रास नाही."