चांदोबाच्या लिंबाला हरवलेला चष्मा

लोणंद सोडून पालखी तरडगावच्या वाटेला लागली की चांदोबाचा लिंब येतो. माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण इथलं. दिंड्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधल्या वाटेतून दोन अश्व धावतात, एकावर झेंडा घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, रिकामा. अश्व गेले रे गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात. ती रेटारेटी ज्याने पाहिली आहे त्याला चष्म्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मी कुठल्याच दिंडीत नव्हते, मोकळीच चालत होते. गर्दी हलली तरी एक आजी रस्त्यातच उकिडवी बसून हातांनी माती चाचपत होती. मी दंडाला धरून उठवलं तर म्हणाली, "चष्मा गं माय, चष्मा पडला. पाय नको ठेवू कुठं."

आम्ही चार-पाच जणींनी शोधला. एक पोलीसदादाही वाकून पाहत होते. नाही सापडला. आजी परभणीकडची. दिंडीचा नंबर तोंडपाठ होता, एवढं बरं. माउलींच्या सोहळ्यात दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. रथापुढे की रथामागे आणि कितवी, एवढं ठाऊक असलं की माणूस आपल्या माणसांत पोचतो. पण पाटीवरचा आकडा वाचायचा कोणी? मी तिचा हात धरला.

तरडगावात एका मंडपात डोळे तपासून फुकट चष्मे देत होते. वाटलं, काम झालं. तिथल्या मुलीने बॅटरी मारून आजीच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "आजी, मोतीबिंदू कधी काढला?" फार वर्षांपूर्वी, गावच्या शाळेतल्या शिबिरात. तेव्हा अशा शिबिरांत मोतीबिंदू झालेलं भिंग काढायचे आणि त्याच्या जागी आत दुसरं बसवत नसत. त्याचं काम बाहेरच्या जाड चष्म्याने करायचं. दहाच्या आसपासचा नंबर. आणि मंडपातले चष्मे होते जवळचं वाचायचे, एकपासून तीनपर्यंत. एकेक लावून पाहिला. आजी म्हणायची, "धूरच हाय."

मुलगी जरा विचारात पडली. मग तिने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा डोळ्यापुरता कापला, सुईने त्याला पाच-सहा भोकं पाडली आणि आजीच्या डोळ्यासमोर धरला. बारीक भोकातून उजेडाची बारीकच तिरीप आत जाते, पसरायला वाव राहत नाही, म्हणून भिंग नसतानाही आकार उमटतो. अंधारच दिसतो जास्त, आणि चालताना हे वापरायचं नाही, असं तिने बजावलं. आजीने पुठ्ठा धरून मंडपाबाहेर पाहिलं. "झेंडा हाय तिथं. भगवा." नंबराच्या पाटीचा मोठा आकडाही तिने ओळखला, छोटी अक्षरं नाही.

संध्याकाळी समाजआरती. वारीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या, टाळ-मृदंगाने कानठळ्या बसतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं बंद. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. हरवलं-सापडलं तेही इथेच पुकारतात. आजीच्या विणेकऱ्यांनी निरोप पोचवला होता: जाड काचांचा चष्मा, उजव्या बाजूला काडीऐवजी काळा दोरा. त्या दिवशी कुणी पुढे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फलटणपर्यंत आम्ही बरोबरच चाललो. आजीला खड्डा सांगावा लागायचा, अभंग नाही. मी एका ओळीत अडखळले की ती पुढची ओळ जोरात म्हणायची, थोडी टोमणा मारल्यासारखीच.

फलटणच्या तळावर समाजआरतीत पुकारा झाला: काळ्या दोऱ्याचा चष्मा सापडला आहे. पुढच्या कुठल्या तरी दिंडीतल्या एका बाबांनी तो आदल्या दिवशीच उचलून पिशवीत ठेवला होता. हरवल्याचा पुकारा झाला तेव्हा ते स्वयंपाकाच्या ट्रकपाशी होते. चष्मा चोपदारांकडे देऊन ते निघूनही गेले होते. डावी काच निसटलेली, पण कागदात गुंडाळून सोबतच दिलेली.

गावात चष्म्याचं दुकान उघडं होतं. दुकानदाराने चौकट जरा गरम करून काच बसवली, दोरा काढून दुसऱ्या मोडक्या चौकटीची काडी स्क्रूने लावली. पैसे घेईना. आजी दोऱ्यासाठी भांडली, तो तिने परत मागून घेतलाच. "काडीचा भरवसा नसतो," म्हणाली आणि नव्या काडीवरूनही दोरा बांधायला लावला.

मग चष्मा लावून तिने आधी दुकान पाहिलं, मग मला, वरपासून खालपर्यंत.

"तू व्हय ती? मला वाटलं चांगली जाडजूड असशील. आवाज केवढा हाय तुझा!"