हं

छत्तीस फ्रेम, म्हणजे दीड सेकंद. एवढ्या एका वाक्यासाठी मी दोनदा डबिंगच्या बूथमध्ये गेले आणि तरी ते मनासारखं झालं असं अजून वाटत नाही.

म्हातारी अस्वलीण गुहेच्या तोंडाशी उभी आहे, नातू निघालाय, आणि ती त्याला जा म्हणते. परभाषेतली ॲनिमेशन मालिका, तेव्हा चित्र आधीच पक्कं झालेलं. मूळ भाषेत नट आधी बोलतो आणि मग त्याच्या आवाजावर चेहरा काढतात, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. डबिंगमध्ये तो क्रम उलटा असतो. चेहऱ्याने काय करायचं ते ठरलेलं असतं, आपण नंतर येतो.

हातातल्या कागदावर होतं, "आता तू घरी जा." अनुवादकाने अक्षरं मोजली होती, ओठ पाहिले नव्हते. स्वस्तातल्या ॲनिमेशनला तोंडाचे आकार तीनच असतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम टिकतं, त्यामुळे शब्द एखाद-दुसरी फ्रेम मागेपुढे झाला तर कुणाला कळत नाही. पण ओठ मिटलेले आणि आवाज "आऽ" असेल तर लहान मूलही चूक पकडतं. इथे शेवटच्या आठ फ्रेम अस्वलिणीचे ओठ गच्च मिटलेले होते. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं, आणि आहे, नाही, गेला, जा हे सगळे शब्द तोंड उघडं ठेवून संपतात. म्हणजे ही अडचण एका वाक्यापुरती नाही, रोजची आहे.

अर्धा तास खटपट केली. "म"वर संपेल असं एखादं नाव जोडावं, तर नातवाचं नाव "म"चं नाही. शेवटी सापडलं ते "नीट जा हं." त्यातला "हं" ओठ मिटून, नाकातून म्हणता येतो. आठ फ्रेम भरल्या. शिवाय आजीच्या तोंडी आज्ञेपेक्षा ते शोभलंही.

मग भावनेचा प्रश्न आला. पहिल्या टेकला मी गळा दाटून बोलले. प्लेबॅकमध्ये आवाज चेहऱ्यावर वरून चिकटवल्यासारखा वाटत होता. पडदा फ्रेम-फ्रेम सरकवून पाहिला, तेव्हा कारण दिसलं. त्या शॉटमध्ये तोंडाखेरीज काहीच हलत नाही. फक्त तोंड उघडण्याच्या दहा फ्रेम आधी भुवयांची आतली टोकं किंचित वर जातात आणि तिथेच थांबतात. दुःख तेवढ्या दोन रेषांमध्येच आहे आणि ते शब्दांच्या आधी होऊन गेलेलं आहे. स्थिर चेहऱ्यावर थरथरता आवाज बसत नाही, कारण हनुवटी थरथरताना दिसत नाही. म्हणून भुवया उचलल्या जातात तिथे नाकाने एक छोटा श्वास घेतला आणि वाक्य कोरडंच म्हटलं. ते बसलं. लोकांना वाटतं हे काम म्हणजे चित्रविचित्र आवाज काढणं. निम्मं काम श्वास कुठे घ्यायचा हे ठरवण्याचं आहे.

आता एकट्याने रेकॉर्ड करण्याबद्दल. सगळ्यांना एकत्र बोलावलं तर एकाच्या चुकीसाठी चौघांना थांबावं लागतं, म्हणून प्रत्येकाची वेळ वेगळी. हिशेबाला हे बरोबर आहे, पण अभिनयाची त्यात वाट लागते. नातवाचं "येतो मी" डायरेक्टरने बूथबाहेरून टॉकबॅकच्या माइकवर सपाट वाचून दाखवलं. कानात तीन बीप, चौथी पडायला हवी त्या क्षणी बोलायचं. तोंडापासून एक वीत अंतरावर माइक, त्यामुळे आपोआप मी समोर उभ्या असलेल्या कुणाला तरी सांगितल्यासारखी बोलले.

तीन दिवसांनी नातवाचा आवाज झाला. त्या मुलाने ते "येतो मी" पळता पळता, हसत म्हटलं होतं. चित्रातही तो आठ-दहा पावलं लांब गेलेला आहे. माझ्या आजीने मात्र त्याच्या कानात कुजबुजावं तसं उत्तर दिलं होतं. असं अंतर चुकलं की नुसता आवाज वाढवून भागत नाही. लांबच्या माणसाशी बोलताना स्वर लांबतो, पट्टी चढते, आणि ते आवाज वाढवणाऱ्या फेडरला जमत नाही.

पुन्हा बोलावलं. या वेळी त्याचा खरा आवाज कानात होता, आणि उत्तर आपसूक आलं, मला वाटतं त्या कामातलं सर्वांत खरं. पण "जा" लांबला. वाक्य पाच फ्रेमनी वाढलं आणि "हं" मिटलेल्या ओठांच्या पुढे, कट होऊन आलेल्या जंगलावर गेला. रेकॉर्डिस्टने ते वाक्य मशीनवर आक्रसून पाहिलं, तर स्वर यंत्रासारखा झाला. आणखी चार टेक दिले. वेळेत बसले, पण ते मोजून म्हटलेले होते.

शेवटी "नीट जा" नव्या टेकमधलं, "जा"ची शेपूट छाटून, आणि "हं" पहिल्या दिवसाचा, असा सांधा केला. तो सांधा कुणाला ऐकू येत नाही. मला येतो: "जा" दहा पावलांवरच्या पोराला आहे, आणि "हं" शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी.