पावडरच्या दुधाचं पाणी: किती गरम, आणि बाटली कशी निववायची

तुम्ही विचारलंत म्हणून: «डब्यावर लिहिलंय, उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. डॉक्टर म्हणतात सत्तर अंश. नक्की किती गरम पाणी घ्यायचं? आणि बाळ रडत असताना ती बाटली पटकन थंड कशी करायची?»

सत्तर अंश सेल्सियस किंवा थोडं जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये पावडरच्या दुधाबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हाच आकडा आहे. घोटाळा होतो तो पाणी कशासाठी उकळायचं याबद्दल. बहुतेकांना वाटतं, उकळलं की पाण्यातले जंतू मेले, काम झालं; मग ते कोमट झाल्यावर पावडर घातली तर काय बिघडलं? बिघडतं ते पावडरमुळे. डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू क्वचित, पण असू शकतात, आणि कोरड्या पावडरीत ते कित्येक महिने तग धरतात. कोमट पाणी मिळालं की ते वाढायला लागतात. सत्तर अंशाच्या पाण्यात मात्र त्यांचा निकाल लागतो. म्हणजे गरम पाणी पावडरीसाठी आहे, पाण्यासाठी नव्हे.

क्रोनोबॅक्टरचा आजार दुर्मिळ आहे. पण दोन महिन्यांच्या आतलं, वेळेआधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ त्याला बळी पडलं, तर तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. अशा बाळांसाठी सत्तर अंशात सूट नको. एक अडचण खरी आहे: काही डब्यांमध्ये प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू घातलेले असतात आणि गरम पाण्यात तेही मरतात. म्हणूनही काही कंपन्या कमी तापमान लिहितात. तान्ह्या बाळासाठी असा डबा आणला असेल, तर वापरण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून विचारा. आमचं मत विचाराल तर एवढ्या लहान बाळाला प्रोबायोटिकपेक्षा जंतू मेलेले असणं जास्त महत्त्वाचं.

आता 120 मिलीची एक बाटली प्रत्यक्ष करू. पातेल्यात किंवा किटलीत निदान एक लिटर ताजं पाणी घ्या आणि खळखळून उकळा. आरओचं असो की विकतच्या बाटलीतलं, उकळायचंच. झाकण ठेवून ते निवू द्या, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. एक लिटर पाणी तेवढ्या वेळात साधारण सत्तरच्या वर राहतं. आपल्याकडे नेमकं इथेच चुकतं. अर्धा तास लक्षात राहतो आणि लिटर विसरतो. छोट्या पातेल्यात एक पेला पाणी उकळून अर्धा तास उघडं ठेवलं तर ते सत्तरच्या बरंच खाली उतरतं. स्वयंपाकघरात वापरायचा, दांडीचा डिजिटल थर्मामीटर घेतला की अंदाजपंचे संपतं. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याचे आकडे त्रेचाळीसच्या आसपासच संपतात.

थर्मामीटर असेल तर पाणी ऐंशीच्या आसपास असताना ओता. खोलीच्या तापमानाची प्लॅस्टिकची बाटली सात-आठ अंश सहज खाते, पावडर आणखी दोन-तीन. पातेल्यात बरोबर सत्तर असलेलं पाणी बाटलीत जाईपर्यंत साठवर येतं. काचेच्या थंडगार बाटलीत एवढं गरम पाणी एकदम ओतू नका, तडकू शकते. उकळून काढलेली बाटली अजून गरम असतानाच भरणं बरं.

आधी पाणी, मग पावडर. पाणी 120 च्या रेघेपर्यंत आणा, बाटली सपाट ठेवून नजर रेघेच्या पातळीत आणून बघा. बहुतेक डब्यांवर 30 मिलीला एक मापाचा चमचा असतो, म्हणजे इथे चार. पण तुमच्या डब्यावर जे लिहिलंय तेच खरं, आणि चमचा त्याच डब्यातला हवा. चमचा दाबून भरू नका, वरून सुरीच्या पाठीने सपाट करा. दूध तयार झाल्यावर पातळी 120 च्या वर चढलेली दिसेल. ते बरोबर आहे. पावडर आधी टाकून मग 120 पर्यंत पाणी भरलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं, बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो.

झाकण लावून हलवताना जपून. आतली हवा गरम होऊन फुगते आणि निपलच्या भोकातून गरम दूध उडतं. निपलवर टोपी घट्ट बसवा आणि बाटली जोरात घुसळण्याऐवजी गोल गोल फिरवा.

आता निववणं. झाकण लावलेली बाटली थंड पाण्याच्या धारेखाली धरा किंवा थंड पाण्याच्या भांड्यात उभी करा. पाणी दुधाच्या पातळीपर्यंत चढू द्या, पण झाकणाच्या कडेखालीच राहू द्या. ते कच्चं पाणी आहे, आट्यांमधून आत शिरलं तर इतका वेळ केलेलं सगळं वाया. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळालाच गरम येतं. तेव्हा भांड्यात माठाचं पाणी घ्या किंवा बर्फाचे चार खडे टाका. बर्फ बाहेरच्या भांड्यात, दुधात कधीच नाही. दुधात गार पाणी ओतून निववणं हीसुद्धा तीच चूक: दूध पातळ होतं आणि माप जातं.

भांड्यातलं पाणी कोमट झालं की बदला आणि बाटली मधूनमधून फिरवत राहा. ओट्यावर तशीच ठेवून आपोआप गार होऊ देऊ नका, कारण मग दूध बराच वेळ त्या ऊबदार टप्प्यात राहतं जिथे उरलेसुरले जंतू वाढतात. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली मुळात उष्णता धरून ठेवण्यासाठीच असते, ती पाण्यात ठेवून फारसा उपयोग नाही. दूध दुसऱ्या बाटलीत करा.

बाटली पुसा, पुन्हा एकदा फिरवा आणि मगच मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका. न फिरवता बघितलं तर फसगत होते: कडेचं दूध गार झालेलं असतं आणि मधलं अजून पोळणारं. बाटलीला बाहेरून हात लावून ठरवू नका, जाड प्लॅस्टिक आतली उष्णता लपवतं. थेंब टाकल्यावर गरम किंवा गार असं काही जाणवलंच नाही तर ते शरीराच्या तापमानाजवळ, सदतीसच्या आसपास आलं. मायक्रोवेव्ह मात्र नको. त्यात कुठे कुठे फार गरम पट्टे राहतात आणि बाळाचं तोंड भाजतं.

रात्रीसाठी तयार दूध उशाशी ठेवू नका. उकळतं पाणी स्वच्छ, झाकण घट्ट बसणाऱ्या थर्मासमध्ये काठोकाठ भरून ठेवा, पावडर मोजून कोरड्या डबीत. तुमचा थर्मास चार तासांनी किती अंश ठेवतो हे एकदा दिवसा मोजून घ्या, सत्तरच्या खाली जात असेल तर तो या कामाचा नाही. दूध तयार झाल्यापासून दोन तासांत संपलं पाहिजे, आणि बाळाने तोंड लावल्यापासून एका तासात. उरलेलं पुन्हा गरम करून पाजायचं नाही, ओतून द्यायचं. वाटी-चमच्याने पाजत असाल तरी पाणी, माप आणि निववणं यात काहीच बदल नाही. फक्त वाटी आणि चमचाही आधी उकळून घ्या.