मांडीवरचं बाळ कोणाच्या मांडीवर?

"मॅडम, बाळ तुमच्या तिकिटावर नाहीये. मिस्टरांच्या तिकिटावर आहे."

कस्टमर केअरच्या मुलीचं हे वाक्य मला आधी कळलंच नाही. तिकीट काढून तीन आठवडे झाले होते. मुंबई ते फ्रँकफर्ट, जाऊन-येऊन, मी, अमोल आणि सात महिन्यांची ईरा. मी फोन केला होता वेगळ्याच कामासाठी. अमोलची रजा चारावरून दोन आठवड्यांवर आली होती, म्हणून त्याच्या परतीची तारीख बदलायची होती. मी आणि ईरा नणंदेकडे महिनाभर राहणारच होतो. त्यात बाळाचा काय संबंध?

संबंध होता. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वेगळी सीट घेतली नाही, तर त्याचं तिकीट एका मोठ्या माणसाच्या तिकिटाला जोडलेलं असतं. एका मोठ्यामागे एकच बाळ. वेबसाइटवर भरताना मी अमोलचं नाव पहिलं टाकलं, माझं दुसरं, मग ईराचं. सिस्टीमने ईराला पहिल्या नावाला जोडून टाकलं. स्क्रीनवर कुठे विचारलं नाही, आणि विचारलं असेल तर बारा वाजता रात्री मी ते पाहिलं नाही. म्हणजे अमोल दोन आठवड्यांनी निघाला की कागदोपत्री ईराही त्याच्याबरोबर निघणार, आणि मी एकटी राहणार!

हे निस्तरायला काय लागलं ते सांगते, पण आधी थोडं मागे जाते, कारण खरी सुरुवात जन्मदाखल्यापासून झाली.

दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी होती. वर्षाच्या आत नाव घातलं तर त्याला शुल्क नसतं, पण पासपोर्टच्या घाईत असताना ती एक फेरी वाढते. आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरं काही नाही. म्हणून आधी नाव, मग बाकी सगळं. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यातलं इंग्रजी स्पेलिंग तिथेच नीट वाचून घ्या. पुढे पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळीकडे तेच उतरत जातं.

पासपोर्टची अपॉइंटमेंट पुण्यात मुंढव्याची मिळाली. दोघांनी सही केलेलं अ‍ॅनेक्शर डी हे संमतीपत्र, जन्मदाखला, आमचे दोघांचे पासपोर्ट, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. मोठ्यांचा फोटो केंद्रातच काढतात, पण चार वर्षांच्या आतल्या मुलांचा आपण न्यायचा असतो. ईराचा फोटो आम्ही पांढऱ्या चादरीवर निजवून घरीच काढला. सासूबाई तिच्या डोक्याशी उभ्या राहून खुळखुळा वाजवत होत्या, त्यामुळे पहिल्या चाळीस फोटोंत ती वर बघते आहे.

नावाचा एक मुद्दा आपल्या लोकांसाठी. पासपोर्टमध्ये ईराच्या दिलेल्या नावाच्या रकान्यात 'ईरा अमोल' असं आहे आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकिटावरही तसंच हवं. नुसतं 'ईरा' लिहून बापाचं नाव गाळलं तर चेक-इनला वाद होऊ शकतो. तिकिटावर हे 'IRAAMOL' असं एकत्र चिकटून येतं, ते बघून घाबरू नका. विमान कंपन्या दोन शब्द असेच जोडतात. पण ह्याच कारणाने बाळाचा पासपोर्ट हातात आल्याशिवाय आंतरराष्ट्रीय तिकीट काढू नये असं माझं मत झालंय. नाव बदलणं हे तारीख बदलण्यापेक्षा जास्त कटकटीचं असतं.

व्हिसाचं मात्र उलट. जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांत चालतो त्या शेंगेन व्हिसाला जाण्या-येण्याचं आरक्षण दाखवावं लागतं, पण पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. आमच्या ओळखीच्या एजंटने तिघांचं बुकिंग होल्डवर ठेवून दिलं, त्याचा प्रिंट जोडला. ईराचा स्वतंत्र अर्ज, त्यावर आम्हा दोघांच्या सह्या, आणि तिच्याही नावाचा ३०,००० युरोंचा प्रवास विमा. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना व्हिसा फी नाही आणि बारा वर्षांच्या आत बोटांचे ठसे घेत नाहीत.

व्हिसे आले आणि मग मी शहाणपणा केला. एजंटच्या दरापेक्षा एका पोर्टलवर ३,२०० रुपये कमी दिसले, तिथून तिकीट काढलं. "ताई, लहान बाळ आहे, आमच्याकडूनच करा," असं तो म्हणाला होता. मला वाटलं, धंद्याचं बोलतोय.

भाड्याचं गणित असं. आमच्या मोठ्या माणसाच्या तिकिटात मूळ भाडं ५२,००० आणि वरचे कर-अधिभार वेगळे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळाला बहुतेक कंपन्या मूळ भाड्याच्या १० टक्क्यांच्या आसपास लावतात. ईराचे ५,२०० झाले, वर तिचे कर थोडे, मिळून साडेसहा हजार. विमानतळाचे काही शुल्क बाळांना नसतात, म्हणून तिची कराची रक्कम आपल्या एवढी येत नाही. देशांतर्गत प्रवासात टक्का नसतो, एक ठरावीक रक्कम असते. आणि म्हणूनच कधी कधी सेलमधल्या स्वस्त तिकिटावर बाळाची रक्कम बघून डोळे विस्फारतात. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढतानाचं नव्हे. परतीच्या आधी बाळ दोन वर्षांचं होत असेल तर परतीला त्याची सीट घ्यावी लागते.

आता पुन्हा त्या फोनकडे. विमान कंपनी म्हणाली, तिकीट पोर्टलचं आहे, बदल पोर्टलच करेल. पोर्टल म्हणालं, बाळाची जोडणी कंपनी बदलेल. तीन दिवस हे टोलवाटोलवीचं चाललं. शेवटी एका शांत माणसाने क्रम सांगितला. आधी ईराचं तिकीट रद्द, मग आमचा पीएनआर फोडून अमोलचा वेगळा, मग माझ्या पीएनआरमध्ये ईराला नव्याने जोडून तिचं नवीन तिकीट. तिच्या तिकिटाला वेगळा नंबर असतो, तो ईमेलमध्ये आलाय का ते बघा, नुसतं नाव दिसून उपयोग नाही, असंही तोच म्हणाला. ह्या सगळ्यात ३,८०० रुपये गेले. वाचवलेले ३,२०० वजा करून हिशोब तुम्हीच करा.

आणि बॅसिनेट? ती तर ह्या जोडणीवरच अवलंबून होती. बॅसिनेट म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवतात तो पाळणा. तो सगळ्या सीटना नसतो, फक्त भिंतीसमोरच्या पहिल्या ओळीतल्या ठरावीक जागांना असतो, आणि विमानात अशा जागा मोजक्याच. देशांतर्गत लहान विमानांत तर बहुधा नसतोच. मांडीवर बाळ ज्याच्या तिकिटाला, पाळण्याची विनंतीही त्याच्याच नावावर टाकतात. ईरा अमोलकडे असताना मी स्वतःसाठी पहिली ओळ मागत होते, आणि ती मिळत नव्हती.

माझी मोठी चूक ही की सीटच्या नकाशावर पहिली ओळ निवडली म्हणजे पाळणा मिळाला असं मी समजत होते. सीट आणि पाळणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी. पाळण्याची विनंती बुकिंगमध्ये BSCT ह्या कोडने जाते आणि ती मंजूर व्हावी लागते. फोनवर "रिक्वेस्ट टाकली आहे" ऐकून ठेवून देऊ नका. "कन्फर्म झाली का? स्क्रीनवर काय दिसतंय?" असं विचारा. HK दिसत असेल तर मंजूर. आमची आठवडाभर नुसती पेंडिंग होती. मंजूर झाल्यावरही खात्री शंभर टक्के नाही, कारण विमान बदललं तर जागा हलतात. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी मी पुन्हा फोन केला.

वजन-उंचीची मर्यादा कंपनीगणिक वेगळी. आमच्या कंपनीची ११ किलो आणि ७० सेंटिमीटर होती. ईरा ८.४ किलोची, पण लांबीला ६८. मी घरी तिला दाराच्या चौकटीपाशी निजवून टेपने मोजलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शिंप्याकडे नेतेस का हिला?"

पहिल्या ओळीचे तोटेही सांगून ठेवते. हाताचे दांडे वर होत नाहीत, कारण ट्रे त्यांच्यातच असतो. समोर सीट नसल्यामुळे उड्डाण-उतरणीला बॅग पायाशी ठेवू देत नाहीत, डायपरची पिशवीसुद्धा वर जाते. दोन डायपर आणि पुसायचे रुमाल मी त्या वेळेपुरते जॅकेटच्या खिशात ठेवले. आणि दोन बाळं असतील तर एकाच सीटच्या गटात बसवत नाहीत, कारण वरचे ऑक्सिजन मास्क मोजके असतात.

बाळ असलं की वेब चेक-इन बऱ्याचदा होत नाही, आमचंही नाही झालं. काउंटरवर ईराचा पासपोर्ट, व्हिसा बघितला, तिला वेगळा बोर्डिंग पास दिला, त्यावर सीटचा नंबर नाही, 'INF'. देशांतर्गत प्रवासात आई-वडिलांबरोबर असलेल्या बाळाचं ओळखपत्र टर्मिनलच्या दारात मागत नाहीत, पण काउंटरवर वयाचा पुरावा मागतात. तेव्हा दाखल्याची प्रत तिथेही जवळ असू द्या.

जाताना पाळणा मिळाला. पोटाच्या पट्ट्याचे दिवे लागले की मात्र बाळाला काढून मांडीवर घ्यायचं आणि छोट्या पट्ट्याने आपल्या पट्ट्याला जोडायचं. हे त्या रात्री पाच वेळा झालं, आणि त्यातल्या तीन वेळा ती नुकतीच झोपली होती.

परतीला मी एकटी. अमोलची सही असलेलं संमतीपत्र आम्ही निघायच्या आधीच पुण्यात नोटरी करून घेतलं होतं, त्याच्या पासपोर्टच्या प्रतीसकट. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, ईराच्या पासपोर्टवर अमोलचं. फ्रँकफर्टला पासपोर्ट तपासणाऱ्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी धरून विचारलं, "वडील?" मी पत्र दिलं, मग जन्मदाखला. दाखल्यावरची इंग्रजी ओळ त्याने बोट लावून वाचली, त्यात आईच्या रकान्यात माझं नाव होतं, आणि शिक्का मारला.

विमानात पाळणा मंजूर होता, लावलाही. पण महिन्याभरात ईरा बसायला शिकली होती. दोन मिनिटांत ती काठ धरून उठून बसली, आणि हवाई सुंदरीने मान हलवली, "बसणारं बाळ ह्यात नाही ठेवता येत." मग नऊ तास ती माझ्या मांडीवर, आणि पाळण्यात ठेवलं तिचं ब्लँकेट आणि माझे चप्पल.