एक बाण राहिला होता

अभ्यासाचा भाग म्हणून आम्ही तिघांनी मिळून एक छोटा ट्रान्झॅक्शन मॅनेजर लिहिला होता. चाचणीसाठी दोन खाती घेतली: x मध्ये १०००, y मध्ये ५००. T1 हे x मधून २०० काढून y मध्ये टाकतं. T2 दोन्ही शिल्लक वाचतं आणि त्यांची बेरीज z मध्ये लिहितं. T3 फक्त y मध्ये ५० जमा करतं. ही तिन्ही एकामागून एक, कुठल्याही क्रमाने चालवली तरी बेरीज दोनपैकी एकच येऊ शकते: T3 हे T2 च्या आधी झालं तर १५५०, नंतर झालं तर १५००. T1 ने बेरीज बदलत नाही, कारण पैसे एका खात्यातून निघून दुसऱ्यात जातात.

तिन्ही एकत्र सोडली, तिन्ही व्यवस्थित कमिट झाली, आणि z मध्ये १३५० आले.

लॉगमधून रीड आणि राइट तेवढे उतरवून घेतले. आकडा ट्रान्झॅक्शनचा, कंसात डेटा आयटम:

```
r1(x) w1(x) r2(x) r3(y) w3(y) r2(y) r1(y) w1(y) w2(z)
```

हे शेड्यूल कॉन्फ्लिक्ट सिरियलायझेबल आहे का, हे प्रिसीडन्स ग्राफ काढून बघायचं ठरवलं. नियम पाठ होता. दोन ऑपरेशन्स वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनची असतील, एकाच आयटमवर असतील आणि त्यातलं किमान एक राइट असेल, तर त्यांच्यात कॉन्फ्लिक्ट आहे. ज्याचं ऑपरेशन आधी आलं त्याच्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा. शेवटी सायकल दिसली तर शेड्यूल नापास.

आधी x घेतला. r1, w1, r2. इथे w1(x) नंतर r2(x) आहे, म्हणून T1 कडून T2 कडे बाण. मग y ची ओळ वेगळी लिहिली:

```
r3(y) w3(y) r2(y) r1(y) w1(y)
```

w3 नंतर r2, म्हणून T3 कडून T2 कडे बाण. पुढे r2 आणि r1, दोन्ही रीड, काही नाही. त्यापुढे r1 आणि w1, दोन्ही T1 चेच, तेही सोडलं. w3 च्या मागून T1 पण y ला हात लावतं, म्हणून T3 कडून T1 कडे आणखी एक बाण. z ला फक्त T2 ने हात लावलेला, तिथे प्रश्नच नाही.

एकूण तीन बाण आणि सायकल कुठेच नाही. ग्राफ सांगत होता की हे शेड्यूल T3, T1, T2 या क्रमाच्या बरोबरीचं आहे. त्या क्रमाने बेरीज १५५० यायला हवी. माझ्यासमोर १३५० होते. अर्धा तास मी कोडमध्ये बेरजेची चूक शोधत बसलो. ग्राफवर शंका घ्यावी असं सुचलंच नाही, कारण तो इतका स्वच्छ दिसत होता.

शेवटी कागद मैत्रिणीपुढे सरकवला. तिने ग्राफकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "आधी मला T2 पूर्णपणे T1 च्या मागे नेऊन दाखव. शेजारची दोन ऑपरेशन्स अदलाबदल करत जा, कॉन्फ्लिक्ट लागला की थांब."

मी r2(y) उजवीकडे ढकलायला लागलो. r1(y) ओलांडून गेलं, रीडपुढे रीडला अडचण नाही. पुढे w1(y) आलं आणि तिथे हात थांबला. T2 ने y वाचला तेव्हा ५५० होते. w1(y) च्या पलीकडे नेलं तर ते ७५० वाचेल. मग म्हटलं, T2 ला T1 च्या आधी नेऊ. r2(x) डावीकडे सरकवायला गेलो तर लगेच w1(x) आडवं. पुढे जाता येईना, मागेही येता येईना.

"तू शेजारशेजारच्याच जोड्या बघितल्यास," ती म्हणाली. तेच झालं होतं. r2(y) आणि w1(y) यांच्यामध्ये r1(y) आलं म्हणून ती जोडी माझ्या नजरेतून निसटली. तिचा बाण T2 कडून T1 कडे. T1 कडून T2 कडे x चा बाण आधीच होता. दोन नोड्सचीच सायकल, आणि १३५० चा उलगडाही त्यातच: T2 ने x मधून २०० गेल्यानंतरचे ८०० वाचले आणि y मध्ये ते २०० यायच्या आधीचे ५५०.

तेव्हापासून मी आयटमची ओळ एका ठरावीक पद्धतीने वाचतो. रीड आलं की त्याच्या मागचं सगळ्यात जवळचं राइट बघायचं. राइट आलं की मागचं राइट आणि त्या राइटनंतर झालेली सगळी रीड्स, एकही न सोडता, बघायची. त्याहून मागच्या जोड्यांचे बाण काढले नाहीत तरी चालतं, कारण ते या बाणांच्या वाटेने आपोआप मिळतात आणि सायकल असेल तर ती लपत नाही. माझी चूक "सगळी रीड्स" या दोन शब्दांत होती.

सायकल सापडली म्हणजे निकाल चुकलाच, असं मात्र नाही. त्याच संध्याकाळी मी हे शेड्यूल मांडून बघितलं:

```
r1(x) w2(x) w1(x) w3(x)
```

r1 नंतर w2, म्हणून T1 कडून T2 कडे. w2 नंतर w1, म्हणून उलटा बाण. सायकल आहे, नापास. तरीही T1, T2, T3 असं सरळ चालवलं तर T1 तीच सुरुवातीची किंमत वाचतं आणि शेवटी x मध्ये T3 चीच किंमत राहते. T2 आणि T3 न वाचताच लिहितात, म्हणून मधल्या राइट्सचा क्रम कुणाला कळतच नाही. याला व्ह्यू सिरियलायझेबल म्हणतात. ही सवलत धरून तपासणी करायची तर प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो, हे पापादिमित्रिउ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. ग्राफमधली सायकल शोधायला मात्र एक साधा डेप्थ फर्स्ट सर्च पुरतो. म्हणून काही निर्दोष शेड्यूल्स नापास होणार हे मान्य करून मी ग्राफच वापरतो.

आमच्या १३५० ला अशी सवलत नव्हती, तिथे खरंच चूक होती. आमचा मॅनेजर प्रत्येक रीड-राइट झालं की लगेच लॉक सोडत होता. T1 ने y चं लॉक घेण्याआधीच x चं सोडलं आणि त्या फटीत T2 शिरलं. टू-फेज लॉकिंगचा नियम हेच बंद करतो: एकदा एखादं लॉक सोडलं की नवीन घ्यायचं नाही. आम्ही थोडं पुढे जाऊन सगळी लॉक्स कमिटपर्यंत धरून ठेवली. त्याला वेगळं कारण होतं. प्रिसीडन्स ग्राफ कमिट कधी झालं ते बघतच नाही. T2 ने T1 चं कमिट न झालेलं वाचलं आणि नंतर T1 रोलबॅक झालं, तर ग्राफमध्ये सायकल नसूनही T2 च्या हातात कधीच न घडलेला आकडा राहतो.

बदल करून पुन्हा सोडलं तेव्हा T2 ला x साठी थांबावं लागलं. मधल्या वेळात T3 ने y चं काम उरकून कमिट केलं:

```
r1(x) w1(x) r3(y) w3(y) r1(y) w1(y) r2(x) r2(y) w2(z)
```

ग्राफ पुन्हा काढला, यावेळी प्रत्येक राइटपाशी थांबून मागची सगळी रीड्स मोजत. T3 कडून T1 कडे, T3 कडून T2 कडे, T1 कडून T2 कडे. पहिल्या दिवशी काढलेले तेच तीन बाण, पण यावेळी चौथा खरोखरच नव्हता. z मध्ये १५५० होते.