इन्, इज़ा आणि एक तोंडी परीक्षा

आमच्या मदरशात मुलींची वार्षिक तोंडी परीक्षा पडद्याआडून होते. बाहेरगावाहून येणारे परीक्षक, म्हणजे मुमतहिन, पडद्यापलीकडे बसतात. अलीकडे मुलगी आणि तिची आपा, म्हणजे मी. कागद नाही, फळा नाही. ते कुरआनातली एक आयत म्हणतात आणि मुलीने तिची तरकीब सांगायची: कुठला शब्द काय काम करतो, त्याच्या शेवटी हाच स्वर का आहे आणि तो कुणामुळे आला. मदरशात नुसती घोकंपट्टी चालते असं ज्यांना वाटतं, त्यांना अशा एका परीक्षेला बसवायला हवं. घोकंपट्टी चालतेच, पण तरकीब घोकून येत नाही.

सवाल-जवाब उर्दूत होतात, इथे मी मराठीत सांगते.

यंदा शेवटच्या वर्गातल्या एका मुलीला सूरह रूमची छत्तिसावी आयत आली. ‘व इज़ा अज़क़्नन्नास रहमतन् फ़रिहू बिहा, व इन् तुसिब्हुम् सय्यिअतुम् बिमा क़द्दमत् अय्दीहिम् इज़ा हुम् यक़्नतून.’ अर्थ साधारण असा: आम्ही लोकांना कृपेची चव देतो तेव्हा ते हरखून जातात, आणि त्यांच्याच करणीपायी त्यांच्यावर काही संकट आलं तर लगेच निराश होऊन बसतात.

पोरीचं नशीब चांगलं, असं मी मनात म्हटलं. कारण या एका आयतीत शर्तीचं अर्धं प्रकरण आहे. अरबीत जर-तरच्या वाक्याचे दोन भाग: पहिला शर्त, दुसरा जज़ा. त्यांना जोडणारे शब्द बरेच आहेत, पण खरा कारभार तिघांचा. ‘इन्’ म्हणजे जर, होईल किंवा न होईल. ‘इज़ा’ म्हणजे जेव्हा, होणारच असं धरून. आणि ‘लौ’ म्हणजे झालं असतं तर, जे झालंच नाही. या आयतीत पहिले दोन आहेत, आणि इज़ा दोनदा आहे. खोच तिथेच आहे.

मुलीने ‘तुसिब्हुम्’पासून सुरुवात केली. मूळ क्रियापद ‘तुसीबु’. इन् हा जज़्म देणारा शब्द, तो लागला की क्रियापदाचा शेवटचा ‘उ’ गळतो. उरतं ‘तुसीब्’. आता दीर्घ ‘ई’ला लागून स्वर नसलेला ‘ब्’ आला. असे दोन साकिन शेजारी अरबीला चालत नाहीत, म्हणून दीर्घ ई आखडते आणि ‘तुसिब्’ होतं. म्हणजे इन्‌ने एक स्वर खाल्ला आणि त्या भरात दुसरा अर्धा केला. इज़ा असलं काही करत नाही. तो येतो आणि क्रियापद जसंच्या तसं ठेवतो, बहुतेक वेळा भूतकाळातलं, जसं इथे ‘अज़क़्ना’.

“आणि इन्‌ची जज़ा कुठे आहे?” पलीकडून प्रश्न आला.

“‘इज़ा हुम् यक़्नतून’, हज़रत. ही जज़ा नामापासून सुरू होते. अशा जज़ेवर जज़्म चढत नाही, म्हणून ती शर्तीला जोडायला ‘फ’ लागतो. इथे फ नाही, त्याच्या जागी इज़ा आहे. हा शर्तीचा इज़ा नव्हे, फ़ुजाइय्या आहे.” फ़ुजाइय्या म्हणजे अचानकपणा दाखवणारा. संकट आलं रे आलं की हे निराश.

“कशावरून फ़ुजाइय्या?”

“पुढे नाम आहे म्हणून.”

मी डोळे मिटले. बहुतेक मुली इथेच थांबतात आणि इथेच सापडतात. मुमतहिनांनीही तोच फास टाकला: “मग सूरह इन्फ़ितारमधलं ‘इज़स्समाउन्फ़तरत’? तिथेही पुढे नामच आहे. आकाश फाटेल तेव्हा.”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तिथे समाच्या आधी एक क्रियापद गृहीत धरतात, पुढचं क्रियापद त्याचा खुलासा करतं. आणि तिथल्या इज़ाला जज़ा आहे, पाचव्या आयतीत, ‘अलिमत् नफ़्सुन्’. इथे ‘यक़्नतून’वर आयत संपते. या इज़ाला स्वतःची जज़ा नाही, उलट मागचा इन् आपल्या जज़ेची वाट बघतोय.”

हे मी शिकवलेलं होतं, पण इतक्या नेमक्या शब्दांत नाही. पुढे काय आहे एवढंच बघून भागत नाही, वाक्यात अजून कोण उपाशी आहे हेही बघावं लागतं.

पलीकडून “माशाअल्लाह” आलं. इथे परीक्षा संपायला हरकत नव्हती. पण हज़रत खुशीत होते, त्यांनी बलाग़तचा, म्हणजे कुठे कुठला शब्द शोभतो याचा, प्रश्न काढला. कृपेला इज़ा आणि संकटाला इन्, असं का?

हे उत्तर तयार असतं. सूरह आराफ़च्या एकशे एकतिसाव्या आयतीत फ़िरऔनच्या लोकांबद्दल हीच मांडणी आहे: ‘फ़इज़ा जाअत्हुमुल् हसनतु’, चांगलं आलं तेव्हा म्हणतात हे आमचंच, ‘व इन् तुसिब्हुम् सय्यिअतुन्’, वाईट आलं तर मूसाचा अपशकुन. ज़मख़्शरीने कश्शाफ़ या आपल्या कुरआनभाष्यात यावर लिहिलंय की चांगलं इतकं विपुल असतं की ते येणारच, म्हणून इज़ा आणि ‘अल्’ लावलेलं निश्चित नाम. वाईट क्वचित येतं आणि आलं तरी थोडंच, म्हणून इन् आणि ‘अल्’ नसलेलं अनिश्चित नाम. ज़मख़्शरी 1144 साली वारले. ते मुअतज़िली या तर्कवादी पंथाचे होते, त्यांच्या अक़ीद्यापासून, म्हणजे श्रद्धेबद्दलच्या मतांपासून, आम्हाला जपून राहायला सांगतात, आणि त्यांच्या नह्वशिवाय, म्हणजे व्याकरणाशिवाय, आमचं पान हलत नाही.

मुलीने हे सगळं सांगितलं. मग तिने, कुणी विचारलेलं नसताना, तोंड उघडलं.

“हज़रत, एक शंका आहे. सूरह हा मीम सजदामध्ये एकोणपन्नासाव्या आयतीत ‘व इन् मस्सहुश्शर्रु’ आहे आणि एक आयत सोडून एक्कावन्नाव्यात ‘व इज़ा मस्सहुश्शर्रु’. तोच स्पर्श, तेच वाईट, तोच माणूस. एकदा जर आणि एकदा जेव्हा. वाईट क्वचित येतं म्हणून इन्, तर दुसऱ्यांदा इज़ा कसा?”

मला घाम फुटला. शिवाय पहिल्या आयतीत माणूस हताश होतो आणि दुसरीत लांबलचक दुआ मागत बसतो, म्हणजे जज़ाही उलटी.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज झाला. मग प्रश्न आला, “बेटी, मुख़्तसर पढली आहे?”

“नाही, हज़रत. आमच्या निसाबात नाही.”

“मग राहू दे. तिथे आहे याचं उत्तर.”

आणि पुढच्या मुलीला बोलावलं. गुण पूर्ण दिले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ‘राहू दे’बद्दल आहे. मुख़्तसरुल् मआनी हे तफ़्ताज़ानींचं चौदाव्या शतकातलं पुस्तक मुलांच्या दर्से-निज़ामीत, म्हणजे मदरशांच्या जुन्या अभ्यासक्रमात, असतं. मुलींचा आलिमा कोर्स आटोपशीर करताना आमच्याकडे ते गळलं आणि त्या जागी एक छोटी पुस्तिका आली. पुस्तक तुम्हीच काढून घेतलं, तर उत्तर त्यात आहे हे सांगून काय उपयोग? दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

रात्री मी ते उत्तर काढून वाचलं. मुख़्तसर हे ज्या मजकुरावरचं भाष्य आहे तो ख़तीब क़ज़वीनी यांचा. ते 1338 साली वारले. त्यांनी स्वतःच्या मजकुराचा विस्तार ‘ईज़ाह’मध्ये केलाय आणि मुलीची शंका तिथे जवळजवळ शब्दशः आहे. ते म्हणतात, एक्कावन्नाव्या आयतीत ‘मस्सहु’मधलं सर्वनाम सर्वसाधारण माणसाकडे जात नाही. त्याच्या लगेच आधी येतं की आम्ही माणसावर कृपा करतो तेव्हा तो तोंड फिरवतो आणि बाजूला होतो. सर्वनाम त्या तोंड फिरवणाऱ्या गर्विष्ठाकडे जातं. अशा माणसावर वाईट यायचंच, म्हणून इज़ा. एकोणपन्नासाव्यात तो साधा माणूस आहे, भलं मागून न थकणारा. त्याच्यासाठी इन्.

आणि सूरह रूममध्येच, आमच्या आयतीच्या तीन आयती आधी, ‘व इज़ा मस्सन्नास ज़ुर्रुन्’ आहे, त्रासाला इज़ा. त्याचंही उत्तर ते देतात: शब्द ‘मस्स’, म्हणजे स्पर्श, आहे आणि ‘ज़ुर्र’ अनिश्चित आहे, म्हणजे जरासा त्रास. जरासा त्रास कुणाला चुकलाय? म्हणून इज़ा.

मला पहिलं उत्तर आवडलं, कारण ते दुसरीकडे ताडून बघता येतं. सूरह बनी इस्राईलच्या त्र्याऐंशीव्या आयतीचा पहिला अर्धा भाग शब्दशः हाच आहे, तोंड फिरवणं आणि बाजूला होणं, आणि पुढे ‘व इज़ा मस्सहुश्शर्रु कान यऊसा’. गर्विष्ठ आधी आला, पाठोपाठ इज़ा आला. इथे तो दुआ मागत नाही, हताश होतो, तरीही इज़ाच. म्हणजे इन् की इज़ा हे जज़ेवरून ठरत नाही, शर्तीतला माणूस कोण यावरून ठरतं. क़ज़वीनींचं म्हणणं इथे टिकतं.

दुसऱ्याबद्दल माझं मन मानत नाही. स्पर्श तर एकोणपन्नासाव्या आयतीतही आहे, तिथे इन् कसा चालला? मग सगळा भार ‘ज़ुर्र’च्या अनिश्चितपणावर येतो. आणि सूरह यूनुसची बारावी आयत बघा: ‘व इज़ा मस्सल् इन्सानज़्ज़ुर्रु दआना लिजम्बिही’, माणसाला त्रास शिवतो तेव्हा तो आडवा पडल्यापडल्या आम्हाला हाका मारतो, बसून, उभ्याने. इथे इज़ा आहे, ज़ुर्र निश्चित आहे, आणि सर्वनाम नाही, सरळ ‘इन्सान’ आहे. दोन्ही चाव्या लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं वर्गात मांडलं, परीक्षा संपलेली असूनही. मुलींनी त्यांना पाठ असलेलं धुंडाळून ‘मस्स’च्या आयती काढायला सुरुवात केली. अशा वेळी हाफ़िज़ मुली कुठल्याही सूचीला भारी पडतात. एकीने सूरह मआरिज काढली, जिथे वाईट आणि भलं दोन्हींना पाठोपाठ इज़ाच आहे, कारण तिथे माणसाचा स्वभावच सांगितलाय की तो उतावळा घडवलाय. दुसरीने आले इम्रान काढली, जिथे चांगल्यालाही इन् आहे. शंका विचारणारी मुलगी म्हणाली, “आपा, यूनुसच्या आयतीतही तो गर्विष्ठच आहे, फक्त नंतर कळतं. त्रास दूर केला की तो असा निघून जातो जणू त्याने कधी हाक मारलीच नव्हती.”

चांगलं आहे. पण क़ज़वीनींचं सगळं सर्वनामावर उभं आहे, आणि सर्वनाम मागे बघतं, पुढे नाही. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, मग सर्वनामाशिवाय सिद्ध करून दाखवते. ज़मख़्शरींनी यूनुसच्या त्या आयतीवर काय लिहिलंय ते आधी बघ, म्हणून मी तिला कश्शाफ़चा तो खंड दिलाय. मुख़्तसरमधला शर्तीचा भाग पुढच्या वर्षी मुलींना शिकवू द्यावा, असा अर्जही मदरशाचा कारभार बघणाऱ्या नाज़िमसाहेबांकडे ठेवलाय. त्यांनी विचारलं, मुलींना एवढं कशाला?